हिरा समोरून बघा

नमस्कार श्रोतेहो. हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते: कट, रंग, क्लॅरिटी आणि कॅरेट. कट म्हणजे पैलूंचे कोन आणि मापं, क्लॅरिटी म्हणजे हिरा डागांपासून किती मोकळा आहे ते. कॅरेट म्हणजे वजन, 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. यातल्या तीन गोष्टींत पैसे वाचवता येतात. कटमध्ये मात्र वाचवू नका. पुन्हा सांगते, कटमध्ये वाचवू नका.

माझी भाची अंगठीसाठी हिरा घ्यायला निघाली आणि मला सोबत घेऊन गेली. 1 कॅरेट भरलाच पाहिजे, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. समोर दोन गोल हिरे आले. एक बरोबर 1 कॅरेटचा, रंग ‘ई’, क्लॅरिटी व्हीव्हीएस 1. दुसरा 92 सेंटचा, म्हणजे 0.92 कॅरेटचा, रंग ‘एच’, क्लॅरिटी व्हीएस 2, दोन्हींत खालची प्रत, आणि किमतीला बराच कमी. मी दोन्ही प्रमाणपत्रं पालथी घातली, हिरे खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवले आणि विचारलं, “मोठा कुठला?” दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली कुठलाही हिरा चमकतो. माझं तर मत आहे, कापडसुद्धा दिव्याखाली घेऊ नये!

तिने 92 सेंटच्या हिऱ्यावर बोट ठेवलं. “मावशी, हाच मोठा आहे, आणि चमकतोयही जास्त.”

प्रमाणपत्रं उलटून पाहिली. 1 कॅरेटच्या हिऱ्याचा व्यास 6.2 मिलिमीटर, 92 सेंटच्याचा 6.3! पहिल्याची खोली व्यासाच्या 67 टक्के होती, दुसऱ्याची 60. पहिल्याचं वजन पोटात दडलं होतं. शिवाय कोन चुकल्याने प्रकाश खालून निसटत होता आणि मधोमध काळपट दिसत होतं. मग दोन्ही हिरे कागदावर उलटे ठेवले. आता ‘एच’ची किंचित पिवळसर झाक दिसली. सुलटा केला, झाक गेली. दहापट भिंगातून त्याच्या कडेला एक बारीक स्फटिक सापडला, तोही कोंदणाच्या नखाखाली झाकला जाणार होता. भाचीने तोच हिरा घेतला.

भाव 1 कॅरेटला एकदम उडी घेतो, म्हणून 90 ते 95 सेंटचा बघा. रंगाची प्रतवारी ‘डी’पासून, म्हणजे अगदी रंगहीन हिऱ्यापासून, सुरू होते आणि पुढच्या अक्षरांबरोबर पिवळसर झाक वाढते. पांढऱ्या धातूत ‘जी’ किंवा ‘एच’ चालतो, पिवळ्या सोन्यात ‘जे’सुद्धा खपून जातो. क्लॅरिटी व्हीएस 2 पुरे. त्याखालचा एसआय 1 घ्यायचा असेल, तर आधी नुसत्या डोळ्यांनी तपासा. मधल्या सपाट पैलूखाली काळा ठिपका असेल, तर तो हिरा सोडा.

हे सगळं गोल हिऱ्याचं झालं. लांबट चौकोनी, पायऱ्यांसारखे पैलू असलेल्या एमरल्ड कटमध्ये आतलं सगळं आरपार दिसतं. तिथे क्लॅरिटी व्हीएस 1 च्या खाली उतरू नका. आणि हो, अंगठी घातल्यावर ती धूत जा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो आणि खालची बाजू माखली की उत्तम कटचा हिराही मंद दिसतो. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं.