मोटर गुणगुणते, फिरत नाही

थ्री-फेज इंडक्शन मोटरचं लेक्चर आपण सगळेच एका ठरलेल्या वाटेने घेतो. तीन फेज दिले की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, रोटर त्याच्या मागे धावतो, स्लिप येते, टॉर्क येतो. म्हणजे कारणाकडून परिणामाकडे. शेतावर पंपापाशी उभ्या असलेल्या पोराच्या हातात मात्र फक्त परिणाम असतो : मोटर गुणगुणते आणि जागची हलत नाही. त्याला उलटं चालत यायचंय. दोष शोधायचा फ्लोचार्ट म्हणजे तेच लेक्चर उलटं वाचणं. पाच एचपीची मोटर आणि साधा डीओएल स्टार्टर घेऊ या.

पहिला चौकटीतला प्रश्न कानाचा आहे. हिरवं बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर ‘खट्’ करून ओढला जातो का? आपल्याकडच्या बऱ्याच स्टार्टरमध्ये कॉइल ४१५ व्होल्टची, दोन फेजमध्ये जोडलेली असते. त्या दोघांतला एक गेला तर खट् होणारच नाही; ती वेगळी शाखा, आज तिकडे जात नाही. पण कॉइल आर आणि बी वर असेल आणि वाय गेला, तर कॉन्टॅक्टर बिनबोभाट ओढला जातो आणि मोटर नुसती हुंकार देते. दोन फेजवर क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेत मागे-पुढे होतं, म्हणून सुरुवातीचा टॉर्क शून्य. लेक्चरमधलं हे एक वाक्य आपल्याला अख्खी शाखा देऊन जातं.

दुसरा प्रश्न : क्लॅम्प मीटरने पाहिलं तर तिन्ही वायरींत करंट आहे का? या मोटरचा फुल लोड करंट साडेसात अँपियरच्या आसपास, सुरू होतानाचा सहापट, म्हणजे ४५. एक फेज तुटला असेल तर एका वायरीत शून्य आणि उरलेल्या दोघींत ३९ च्या आसपास दिसेल. तिन्ही ४५ दाखवत असतील तर फेज सगळे आहेत. मग सप्लाय बंद करून शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा. (सबमर्सिबलला हा प्रश्न विचारता येत नाही, ती बोअरमध्ये असते.) शाफ्ट मोकळा फिरला तर बटण दाबलेलं असतानाचं व्होल्टेज मोजा. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे ३०० व्होल्टवर निम्माच उरतो.

इथे माझी जुनी चूक सांगतो. माझ्या पहिल्या तक्त्यात प्रश्न होता, ‘तिन्ही फेजला व्होल्टेज आहे का?’ वर्कशॉपमध्ये एक मोटर बिनलोड फिरत होती, थोडी कुरकुरत. पोरांनी ती चालू असतानाच स्टार्टरच्या आउटगोइंगला मीटर लावला. तिन्हीकडे चारशेच्या आसपास! ‘होय’चा बाण धरून ते ‘वाइंडिंग खराब’ या चौकटीत पोहोचले आणि मोटर खोलून बसले. उडाला होता फ्यूज. एक फेज गेल्यावरही फिरती मोटर फिरत राहते आणि गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. पोरांनी मोजलं ते बरोबरच. प्रश्न माझाच अर्धवट होता. आता तिथे लिहिलेलं असतं : ‘मोटर थांबलेली, कॉन्टॅक्टर सुटलेला, प्रोब इनकमिंगला. आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही ३९० ते ४४० मध्ये आहेत का?’ लांबलचक आहे, पण याला ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे उत्तर देता येत नाही.

‘नाही’ आलं तर फ्यूज आणि त्यामागची लाइन. ‘होय’ आलं तर दोष कॉन्टॅक्टरपासून मोटरपर्यंत कुठेतरी. हे निम्मं करणारा प्रश्न मला फार आवडतो. निदेशक शेजारी, हातमोजे घातलेले, बटण दाबलेलं, आणि ज्या वायरीत करंट शून्य होता त्याच पोलच्या वरच्या-खालच्या टर्मिनलवर मीटर. पोल धड असेल तर जवळजवळ शून्य, म्हणजे तार पुढे केबलमध्ये किंवा मोटरमध्ये तुटली आहे. कॉन्टॅक्ट जळलेला असेल तर तिथे ३६० व्होल्टच्या आसपास दिसतं. ४१५ नाही, २४० नाही, ३६० का? वरच्या टोकाला २४० चा फेज, आणि खालचं टोक वाइंडिंगमधून उरलेल्या दोन फेजच्या बरोबर मध्यावर, म्हणजे न्यूट्रलच्या पलीकडे १२०. फेजर डायग्राम फळ्यावर काढून हा आकडा पोरांकडूनच काढून घ्या. सगळ्या तक्त्यात तोच एक आकडा त्यांनी स्वतः काढलेला असतो.

आणि या चौकटीच्या कडेला लाल अक्षरांत : मोटर तीन सेकंदांपेक्षा जास्त अशी ठेवायची नाही; हिरवं बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, म्हणून लाल बटण दाबायचं. सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता, आणि थांबलेल्या मोटरचा पंखाही थांबलेला असतो.