उंच मुलाच्या इकोतला एक आकडा

24 जानेवारी 1986 रोजी जपानमधल्या मात्सुए इथे व्हॉलीबॉलचा सामना सुरू होता. अमेरिकेची फ्लो हायमन बदली होऊन बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. उंची साडेसहा फुटांच्या जवळपास, दोन वर्षांपूर्वीच ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलेलं. शवविच्छेदनात कळलं की महाधमनी फाटली होती आणि मूळ आजार होता मार्फान सिंड्रोम. मग तिच्या भावाला तपासलं, तर त्यालाही तोच आजार निघाला. तो शस्त्रक्रियेमुळे वाचला.

या आजारात फायब्रिलिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. त्यामुळे हातपाय लांब वाढतात आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भिंत कमकुवत होऊन ती मुळाशी फुगत जाते. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. पण चौघांतल्या एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच नसतो, हेही लक्षात ठेवा.

समजा, मार्फान असलेला एकोणीस वर्षांचा, 190 सेंटिमीटर उंचीचा मुलगा आहे. मागच्या वर्षीच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीचं मूळ 4.4 सेंटिमीटर होतं, यंदा दुसऱ्या ठिकाणी 4.7 आलं. वर्षात तीन मिलिमीटर वाढ खरी असेल, तर ती धोक्याची. पण मोजणाऱ्याने तिरका छेद घेतला, तरी आकडा फुगतो. इकोत भिंतीची जाडी धरून आणि सीटीत आतून आत मोजलं, तरीही फरक पडतो. म्हणून मी आधी दोन्ही वेळची चित्रं शेजारी ठेवून एकाच पद्धतीने मोजायला सांगतो आणि शंका उरली तर सीटी किंवा एमआरआय करायला. नुसता रिपोर्ट वाचून निर्णय घेऊ नये. आणि ‘मुलगा उंच आहे, मूळ मोठं असणारच’ ही समजूत तर घातक आहे. उंच निरोगी माणसाचंही मूळ सहसा चारच्या आसपास थांबतं.

मार्फानमध्ये मूळ 5 सेंटिमीटर झालं की शस्त्रक्रिया सुचवतात. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल, वाढ वेगाने होत असेल किंवा गर्भारपणाचा विचार असेल, तर साडेचारपासूनच चर्चा सुरू होते. या मुलाची वाढ खरी ठरली, तर 4.7 लाच शल्यविशारदाची भेट घ्यायची. महाधमनीच्या मुळाशी असलेली हृदयाची झडप चांगली असेल तर ती राखून फक्त मूळ बदलता येतं. कृत्रिम धातूची झडप बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चालते.

तोवर रक्तदाब कमी ठेवणारं औषध, बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टान, द्यायचं. श्वास कोंडून वजन उचलणं, कुस्ती, कबड्डी आणि स्पर्धेतली धावाधाव बंद, कारण जोर लावताना रक्तदाब एकदम उसळतो. बोलत बोलत करता येईल इतकं चालणं, सावकाश सायकल चालवणं, पोहणं मात्र चालू ठेवा. मुलाला घरात कोंडून ठेवू नका.

आणि छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी कळ आली, तर आकडा 4.2 असला तरी थेट रुग्णालयात न्या आणि पहिल्याच वाक्यात ‘याला मार्फान आहे’ असं सांगा. नाहीतर तरुण मुलाचा ईसीजी बघून त्याला ॲसिडिटीच्या गोळीवर घरी पाठवतात.