सात वाजायच्या आधी पडद्यावर काय दिसतं?

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात नौपाड्याला आमचं एक छोटं वाचनमंडळ आहे. कथांचं, नाटुकल्यांचं वाचन आम्ही घरच्या घरी चित्रित करतो आणि यूट्यूबवर त्याचा प्रीमिअर ठेवतो. व्हिडिओ आधीच चढवलेला असतो, पण ठरल्या वेळी तो सगळ्यांसमोर एकदमच सुरू होतो. मग ऐरोलीची मावशी आणि घोडबंदरचा भाचा एकाच प्रसंगाला एकदम हसतात. मला त्याचंच अप्रूप आहे.

मागच्या दिवाळीत मात्र घोटाळा झाला. रविवारी संध्याकाळी सातची वेळ सगळ्यांना कळवली होती, लिंक दुपारीच ग्रुपवर टाकली होती. पाऊण तास आधी मावशीचा फोन आला, "अगं, इथे तर खासगी व्हिडिओ म्हणून येतंय. मला बघायची परवानगी नाही का?" माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं, कारण चॅनल माझंच होतं. चूक माझ्याकडून झाली होती. तारीख-वेळ भरली, पण त्याच्या खालच्या Set as Premiere या चौकटीत खूण करायची राहिली होती.

ती खूण नसली की व्हिडिओ नुसता वेळ लावून ठेवलेला राहतो. वेळ होईपर्यंत तो खासगीच असतो, लिंक उघडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सात वाजता तो उघडा होतो खरा, पण ज्याने त्याने आपापल्या सवडीने बघायचा. उलटी मोजणी नाही, एकत्र बघणंही नाही.

खूण केलेली असेल, तर प्रीमिअरचं पान वेळ लावल्याबरोबर सगळ्यांना खुलं होतं. मावशीला तिथे काय दिसायला हवं होतं? आपण लावलेलं मुखचित्र, नाव, आणि प्रीमिअर किती वेळाने आहे किंवा कुठल्या तारखेला किती वाजता आहे ते. शेजारी Notify me असं बटण. ते दाबलं की साधारण अर्धा तास आधी एकदा आणि सुरू होताना पुन्हा एकदा सूचना येते. गप्पांची खिडकीही उघडी असते, आमच्याकडे तिथे चहाफराळाच्या चौकश्या आधीच सुरू होतात. वेळ बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. आपले संध्याकाळचे सात दुबईतल्या भावाला साडेपाच दिसतील, तेव्हा त्याने "वेळ चुकली" म्हणून कळवलं तर घाबरू नका.

आता उलट्या मोजणीबद्दल, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. पानावर "तीन तासांनी" असं जे लिहिलेलं असतं, ती फक्त वाट बघण्याची वेळ. खरी उलटी मोजणी अगदी सुरुवातीच्या तोंडावर येते. संगीत वाजतं, आकडे उतरत जातात आणि ते संपले की आपला व्हिडिओ लागतो. आपण काही बदललं नाही, तर ती दोन मिनिटांची असते. म्हणून दुपारी पान उघडून आकडे पळताना दिसले नाहीत, तर काही बिघडलेलं नाही. पहिलं वाक्य सातच्या ठोक्याला ऐकू येईल असंही कुणाला सांगू नका, मोजणीची मिनिटं हिशेबात धरा.

मोजणी लागलीय की नाही, हे मी आता दोन जागी बघते. पहिली जागा यूट्यूब स्टुडिओ. व्हिडिओच्या तपशिलात Visibility उघडायचं. तारीख, वेळ, सकाळ की संध्याकाळ, हे बोट ठेवून वाचायचं. Set as Premiere वर खूण आहे ना ते बघायचं आणि Set up Premiere मध्ये शिरायचं. मोजणीची सजावट आणि लांबी तिथेच निवडता येते. काही बदललंत तर बाहेर पडताना Save दाबायला विसरू नका.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची, आणि त्या दिवशी मी नेमकी तीच बघितली नव्हती. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, जिथे आपलं खातं चालू नसतं, आणि ग्रुपवर टाकायची तीच लिंक तिथे चिकटवायची. नाव, वेळ आणि Notify me दिसलं की पान लोकांपर्यंत पोचलं. खासगी व्हिडिओ असल्याचा निरोप आला, तर खूण राहिलेली आहे.

एखाद्याला वाटेल, आधी गुपचूप तालीम करून बघू. पण प्रीमिअर जाहीरच असतो, लपवून ठेवता येत नाही. तालीम करायचीच तर दुसऱ्या, रिकाम्या चॅनलवर मिनिटभराचा व्हिडिओ चढवून करा, म्हणजे मोजणी कशी दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

त्या रविवारी मी सव्वासहाला स्टुडिओ उघडला, खूण केली, वेळ साडेसात केली आणि मावशीला पुन्हा लिंक उघडायला सांगितलं. "आता तुझं चित्र दिसतंय, आणि घंटीचं बटणही आहे," ती म्हणाली. मग कुठे मी ग्रुपवर नवी वेळ टाकली.