नागपूरहून नॅशव्हिलला गेलेली शिकवणी

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त माइक बंद पडला तेवढं गाळलंय.)

नमस्कार मंडळी. जेवण लागायला अजून वेळ आहे असं कमिटीने सांगितलंय, म्हणून मी उभा आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता कॉलेजात आहेत आणि गेली दोन-तीन वर्षं फोनवर एकच वाक्य, बाळा तू त्या आंदोलनाच्या भानगडीत पडू नकोस, अभ्यास कर. मीही तेच बोललो, खोटं कशाला सांगू. आणि ज्यांची मुलं व्हिसावर आहेत त्यांची धास्ती तर मला पूर्ण पटते, तिथे किंमत वेगळीच असते. पण मुलीला सोडायला नॅशव्हिलला गेलो तेव्हा डाउनटाउनच्या पब्लिक लायब्ररीत एक खोली बघितली, सिव्हिल राइट्स रूम म्हणतात, तिथे जुन्या दुकानांत बसून खायला असायचा तसा एक लंच काउंटर करून ठेवलाय, समोर स्टुलं, आणि काउंटरवर दहा नियम कोरलेत. मुलगी स्टुलावर बसून वाचायला लागली, पाठ ताठ ठेवा, तोंड काउंटरकडे ठेवा, कुणी मारलं तर उलट मारू नका, शिवी देऊ नका, लीडरने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, दुकानाचं दार अडवू नका. मला वाटलं ही कुठल्या तरी शाळेची शिस्त. तर काळ्यांना बसू न देणाऱ्या काउंटरवर जाऊन बसायचं कसं, याची ही 1960 साली पोरांनीच पोरांसाठी लिहिलेली नियमावली, आणि पुढे गांधींचं नाव.

आता मी नागपूरचा, हिस्लॉप कॉलेजचा. आणि मला तिथे, साठीला टेकल्यावर, अमेरिकेत, कळलं की त्या पोरांना शिकवणारा माणूस आमच्या हिस्लॉपमध्ये होता! जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त जेल भोगलेला, मग मेथडिस्ट मिशनतर्फे 1953 ला नागपूरला आला, शिकवायचा आणि खेळाचं कोचिंग करायचा, आणि गांधींबद्दल जेवढं मिळेल तेवढं गोळा करायचा. अमेरिकेत माँटगोमेरीला काळ्यांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्याने डिसेंबर 1955 मध्ये वाचली ती ‘नागपूर टाइम्स’मध्ये. बाप्पा, आमच्या कॉलेजात कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.

1956 ला तो परत गेला, पुढे मार्टिन ल्यूथर किंगशी भेट झाली, ते म्हणाले दक्षिणेत ये, तर हा नॅशव्हिलला आला, व्हँडरबिल्टमध्ये धर्मशास्त्र शिकायला. आणि एका चर्चच्या तळघरात त्याने वर्कशॉप सुरू केलं. आजूबाजूच्या कॉलेजांतली विशीच्या आसपासची पोरं-पोरी यायची. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, ही नावं नंतर मोठी झाली, तेव्हा नुसती स्टुडंट.

मला सांगायचंय ते या तळघराबद्दल. आपल्याला आंदोलन म्हटलं की दिसतो तो शेवटचा दिवस, घोषणा, पोलीस, फोटो. शिकणं झालं ते त्याच्या आधी, कित्येक महिने. पहिला प्रश्न होता की नेमकं मागायचं काय. तर गावातल्या काळ्या बायकांचं म्हणणं ऐकलं, त्या म्हणाल्या डाउनटाउनच्या दुकानात आमचे पैसे चालतात, पण खरेदी करून पाय दुखले, पोरांना भूक लागली तर त्याच दुकानातल्या काउंटरवर बसता येत नाही. झालं, लंच काउंटर ठरला. म्हणजे मागणी आकाशातून नाही आली, एक दुकान, एक स्टूल, आणि ‘हो’ म्हणू शकेल असा एक मालक.

मग तालीम. काही जणांनी गुंड व्हायचं, बाकीच्यांनी खुर्चीवर बसायचं. गुंडांनी घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढून पाडायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर स्वतः मध्ये कसं यायचं, हे सगळं करून बघायचं, आणि मग बसून बोलायचं की तुला राग आला तेव्हा नेमकं काय झालं. गुंड होणाऱ्यालाही विचारायचे बरं का. डायन नॅशला सुरुवातीला हे चालेल असं वाटतच नव्हतं, तरी ती येत राहिली, कारण गावात दुसरं कुणी काही करतच नव्हतं.

1959 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ट्रायल घेतली. दोन मोठ्या दुकानांत जायचं, काहीतरी विकत घ्यायचं, काउंटरवर बसायचं, नाही म्हणाले की मॅनेजरला भेटून कारण विचारायचं, आणि शांतपणे निघून यायचं. बस, एवढंच. नकार कोण देतं, कोणत्या शब्दांत देतं, हे माहीत करून घ्यायला.

तेवढ्यात 1 फेब्रुवारी 1960 ला दुसऱ्या एका गावात, ग्रीन्सबरोत, चार काळी पोरं अशीच काउंटरवर बसली आणि सगळीकडे पेटलं. नॅशव्हिलच्या मोठ्यांनी सांगितलं थांबा, जामिनाला पैसे नाहीत, तिजोरीत शंभर डॉलरसुद्धा नव्हते. पोरं थांबली नाहीत. 13 तारखेला बर्फात शंभरावर पोरं रांगेने जाऊन तीन दुकानांत बसली, पुस्तकं उघडून अभ्यास करत. 27 तारखेला मात्र गुंड आले, मारहाण झाली, आणि अटक झाली ती बसलेल्यांना, 81 जणांना. पण एक बॅच पोलीस घेऊन गेले की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची, हे आधीच ठरलेलं. कोर्टाने 50 डॉलर दंड केला तर बऱ्याच जणांनी भरायलाच नकार दिला, जेल पत्करली. लॉसनला युनिव्हर्सिटीने काढून टाकलं, आणि त्यावरून तिथल्या कित्येक प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले. ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत काळ्या समाजाने डाउनटाउनवर बहिष्कार टाकला, आणि माझ्या मते दुकानदार हलले ते त्याने, नुसत्या बसण्याने नव्हे.

19 एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, दोघं नवरा-बायको वाचले, आणि त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत सिटी हॉलला गेले. पायऱ्यांवर मेयर बेन वेस्ट. आधी एका तरुण पाद्र्याने कडक निवेदन वाचलं, मेयर चिडले, दोघांत जुंपली. इथेच फिसकटलं असतं. मग डायन नॅश पुढे आली आणि तिने आरोप करायचं सोडून प्रश्न विचारला, नुसत्या रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का. मेयर हो म्हणाले. तिने तिथे सोडलं नाही, प्रश्न आवळत आणला, मग लंच काउंटर सगळ्यांना खुले व्हावेत अशी शिफारस करता का. हो, म्हणाले, आणि लगेच पुस्ती जोडली की ठरवायचं दुकानदारांनी. पण ‘हो’ बाहेर पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. ती 21 वर्षांची होती, आणि तिच्याबरोबरच्या बऱ्याच पोरांना तर मतदानाचाही हक्क नव्हता, कारण तेव्हा टेनेसीत वय 21 लागायचं.

मला तर वाटतं तो दुसरा प्रश्न तळघरातून आलेला होता. तिथे राग गिळायची सवय झाली नसती तर तीही भांडली असती, आणि मेयर आत निघून गेले असते. हे आपल्याला मंडळाच्या वार्षिक सभेतही जमत नाही, जाऊ दे.

10 मेला सहा दुकानांनी काउंटर उघडले. तेही कसं, तर आधी ठरवून, अमुक वेळेला दोन-चार काळी गिऱ्हाइकं येणार, वेट्रेसना सांगून ठेवलेलं, गाजावाजा करायचा नाही. सिनेमागृहं, बाकीची हॉटेलं तशीच बंद, त्यासाठी पुढची काही वर्षं परत तीच पोरं रांगा लावून उभी. आणि व्हँडरबिल्टने लॉसनला परत बोलावलं ते 2006 साली, शिकवायला.

मुलीने लायब्ररीतून निघताना विचारलं, बाबा तुम्ही नागपूरला असताना कशासाठी बसला होतात का कधी? मी म्हटलं, एकदा, परीक्षा पुढे ढकला म्हणून.

चला, पुऱ्या आल्या वाटतं.