तो तोच होता, पुरावा बदलला

[दृश्य: मेणबत्त्यांच्या उजेडातलं नाचाचं दालन]

इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात नाच रंगलाय. पुरुष कमी पडलेत, म्हणून एलिझाबेथ बेनेट नुसती बसून आहे. तिच्याजवळच उभा राहून डार्सी नावाचा श्रीमंत पाहुणा मित्राला सांगतो, की ही मुलगी ठीक आहे, पण माझं मन खेचून घेण्याइतकी देखणी नाही. तिला ते ऐकू जातं. ती हा किस्सा मैत्रिणींना हसत हसत सांगते, पण विसरत मात्र नाही.

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली आली. आज ज्याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात, त्या प्रकाराची चर्चा निघाली की वाचक हमखास या कादंबरीपाशी येतात. तिरस्काराचं प्रेम होणं इथे खरं का वाटतं, हे बघायचं असेल तर शेवटाकडे धावू नका. मधल्या एका पत्रापाशी थांबा.

[दृश्य: बारीक अक्षरात भरलेले दोन कागद]

कादंबरीची प्रकरणं एकसष्ट. चौतिसाव्यात डार्सी तिला मागणी घालतो, आणि तीही तिचं घराणं आपल्यापेक्षा किती खालचं आहे हे ऐकवत. ती संतापून नकार देते. तिचे आरोप दोन. तू माझ्या बहिणीचं, जेनचं, तुझ्या मित्राशी जुळत आलेलं लग्न मोडलंस, आणि विकॅम नावाच्या तरुणाला देशोधडीला लावलंस. शिवाय जाता जाता एक टोला: तू जरा सभ्य माणसासारखा वागला असतास, तर नकार देताना मला वाईट तरी वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो या आरोपांना उत्तर देणारं पत्र तिच्या हातात देऊन निघून जातो. पहिल्या वाचनात तिला सगळं खोटं वाटतं. पुन्हा बघायचंच नाही असं ठरवून ती पत्र मिटते, आणि अर्ध्या मिनिटात परत उघडते. हे अर्धं मिनिट मला फार आवडतं.

आता ती वकिलासारखी वाचते. विकॅमबद्दल आपल्याला माहीत काय आहे? त्याने स्वतः सांगितलं तेवढंच. पहिल्या ओळखीतच त्याने परक्या मुलीपुढे घरची गाऱ्हाणी का मांडली? मी डार्सीला घाबरत नाही म्हणणारा हा माणूस डार्सीच्या मित्राच्या घरच्या, नेदरफील्डच्या नाचाला का आला नाही? थोरल्या डार्सींच्या आठवणीखातर मी त्यांच्या मुलाची बदनामी करणार नाही म्हणाला, आणि डार्सीने गाव सोडताच सगळ्या गावाला कहाणी सांगत सुटला. यातलं प्रत्येक दृश्य आपणही आधी वाचलेलं असतं. फसलेलो असतो आपणही. म्हणून तिचं मत फिरतं तेव्हा लेखिकेने ते ओढून फिरवलं असं वाटत नाही.

पण लक्षात घ्या, प्रेम अजून नाही. तिच्या मनात आदर येतो, पण पुन्हा भेटायची इच्छा जराही नसते. घाईतल्या कादंबऱ्या नेमक्या इथे घसरतात. गैरसमज मिटला, की पुढच्याच पानावर मिठी.

[दृश्य: पेम्बर्ली, डार्सीचं नदीकाठचं घर]

कारण तिचा एक आरोप खराच होता. जेनला डार्सीने खरोखर दुखावलंय, आणि त्याचा ताठाही खरा आहे. गैरसमजाला पुरावा पुरतो; खऱ्या चुकीला वागणं बदलावं लागतं. तेही ती व्यक्ती बघत नसताना बदललं, तर जास्त पटतं.

उन्हाळ्यात ती मामा-मामींबरोबर त्याचं घर बघायला जाते, तेसुद्धा तो गावात नाही याची खात्री करून. घर दाखवणारी म्हातारी कारभारीण त्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखते. तो मला कधी वाकडा शब्द बोलला नाही, म्हणते. तेवढ्यात डार्सी एक दिवस आधीच परततो आणि समोर उभा राहतो. तयारीला वेळच नाही, म्हणजे नाटकाला जागा नाही. आणि तो आदराने वागतो कुणाशी? तिच्या मामांशी, लंडनच्या व्यापारी वस्तीत राहणाऱ्या माणसाशी. मागणी घालताना ज्या नात्यांची लाज वाटत होती, त्यांनाच तो आपल्या नदीवर मासे धरायला बोलावतो. परीक्षा तीच, उत्तर वेगळं.

पुढे तो तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू गुपचूप पैसे भरून वाचवतो, एलिझाबेथला कळू न देता. जेनच्या बाबतीतली आपली चूकही स्वतःहून मित्रापुढे कबूल करतो. आणि दुसऱ्यांदा मागणी घालतो तेव्हा सांगतो, की ‘सभ्य माणसासारखा’ हे तुझे शब्द मला किती छळत होते.

[दृश्य: दोघी बहिणी, रात्र]

जेन विचारते, तुझं प्रेम बसलं कधीपासून? एलिझाबेथ म्हणते, पेम्बर्लीचं सुंदर आवार पहिल्यांदा पाहिलं, बहुतेक तेव्हापासून. ती थट्टा करते आहे. पण तिथेच, त्या घरात, त्याच्या तसबिरीपुढे ती बराच वेळ उभी राहिली होती.