मामांचा प्लॉट की मावशीचं सोनं? टॅक्स भरल्यावर हातात काय उरलं

नमस्कार मंडळी. आज हिशोब आमच्याच घरचा. आकडे जरा गोल केलेत, म्हणजे डोकं दुखणार नाही.

जानेवारी 2011. आजोबांनी मामांना आणि मावशीला पाच-पाच लाख दिले. मामांनी बेळगावात अनगोळकडे एक एन.ए. प्लॉट घेतला, स्टॅम्प आणि रजिस्ट्रेशन धरून पाच लाखांत. मावशी खडेबाजारात गेली आणि पंचवीस तोळे घेऊन आली, नाणी आणि बिस्किटं. तेव्हा तोळा साधारण वीस हजारांचा होता. मे 2025 मध्ये दोघांनीही विकलं. प्लॉटचे आले 16 लाख, सोन्याचे 24 लाख.

मामांचा दावा असा: "मला इंडेक्सेशन मिळतं, हिला नाही. म्हणजे टॅक्समध्ये मी जिंकलो."

अर्धं बरोबर आहे. 23 जुलै 2024 पासून लांब मुदतीच्या नफ्यावर सरसकट साडेबारा टक्के टॅक्स आहे, महागाईची वजावट न धरता. पण त्या तारखेआधी घेतलेली जमीन किंवा इमारत निवासी व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने विकली, तर जुन्या पद्धतीनेही हिशोब करून बघता येतो: खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवायची, हेच ते इंडेक्सेशन, आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. जो टॅक्स कमी तो भरायचा. सोन्याला ही सवलत नाही.

आता मामांचा कागद बघू. खरेदीपत्र कानडीत, तारीख 14 जानेवारी 2011. मी पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा 2011 बघून सरळ 2011-12 चा निर्देशांक घेतला, 184. चूक! जानेवारी म्हणजे आर्थिक वर्ष 2010-11, निर्देशांक 167. विक्रीच्या वर्षाचा, 2025-26 चा, 376.

```
5,00,000 × 376 ÷ 167 = 11,25,749
16,00,000 − 11,25,749 = 4,74,251
20% = 94,850, सेस 4% धरून 98,644
```

साडेबारा टक्क्यांनी केलं असतं तर 11 लाखांवर, सेस धरून 1,43,000. म्हणजे मामांचे चव्वेचाळीस हजार वाचले. आणि माझ्या त्या 184 च्या चुकीने टॅक्स 1,20,278 झाला असता. एका वर्षाच्या घोळात साडेएकवीस हजार गेले असते की हो!

आता मावशी. नफा 19 लाख, साडेबारा टक्के, सेस धरून 2,47,000. मामा लगेच म्हणाले, "बघ, अडीच लाख गेले!" मग मी गंमत म्हणून सोन्यालाही इंडेक्सेशन लावून बघितलं. टॅक्स आला 2,65,044. म्हणजे सवलत असती तरी मावशीने ती घेतली नसती.

असं का होतं? इंडेक्सेशन घेतलं की दर साडेबाराचा वीस होतो. किंमत फार वाढली असेल, तर वाढलेल्या दराचा फटका महागाईच्या वजावटीपेक्षा मोठा पडतो. 2010-11 ची खरेदी आणि 2025-26 ची विक्री असेल, तर ही सीमा 4.34 पटीवर येते. प्लॉट 3.2 पट झाला होता, सोनं 4.8 पट. खरेदीचं वर्ष बदललं की सीमाही बदलते, त्यामुळे हा आकडा पाठ करू नका.

हातात उरलं काय? मामांकडे 15,01,356, मावशीकडे 21,53,000. वर्षाला धरलं तर मामांचे सुमारे आठ टक्के, मावशीचे पावणेअकराच्या आसपास. इंडेक्सेशनशिवाय मामांचे आठचे पावणेआठ झाले असते. एवढ्यासाठी ते दिवाळीभर भांडत होते!

तो 11,25,749 चा आकडा टॅक्स झाल्यावरही टाकून देऊ नका. निर्देशांकाच्या हिशोबाने 2011 चे पाच लाख म्हणजे 2025 चे तेवढे. त्याच्या वर मामांचे तेहेतीस टक्के जास्त उरले, मावशीचे एक्याण्णव. तेही थोडं फुगवून दिसतं, कारण कायद्याप्रमाणे हा निर्देशांक शहरी ग्राहक किंमतवाढीच्या 75 टक्केच धरून ठरतो. आपल्या स्वयंपाकघरातली महागाई त्यात पूर्ण मावत नाही.

एक गोष्ट प्लॉटवाल्यांसाठी. कोल्हापूरचा सीए 'रेडी रेकनर किती?' विचारेल, म्हणजे सरकारने ठरवलेली जागेची किंमत; आपल्याकडे तिला गाईडन्स व्हॅल्यू म्हणतात. कर्नाटकात ती ऑक्टोबर 2023 मध्ये वाढली. दस्तातल्या रकमेपेक्षा ती दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर टॅक्स गाईडन्स व्हॅल्यूवर बसतो, पैसे हातात तेवढे आले नसले तरी. मामांच्या प्लॉटची ती 18 लाख निघाली असती, तर 98,644 चे 1,40,244 झाले असते. वाचलेले बहुतेक सगळे पैसे तिथेच गेले असते. म्हणून व्यवहार ठरवायच्या आधी सब-रजिस्ट्रारकडे ती व्हॅल्यू विचारून घ्या, टोकन दिल्यावर नाही.