सात टक्के अनुदानाचे 700 रुपये का मिळत नाहीत

पीएम स्वनिधी योजनेबद्दल पथविक्रेत्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "दहा हजारांचं कर्ज, त्यावर सात टक्के अनुदान, म्हणजे 700 रुपये परत यायला हवेत. माझ्या खात्यात चारशेसुद्धा आले नाहीत. बाकीचे गेले कुठे?" कोणीतरी पैसे खाल्ले असा संशय यात असतो. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. पण हिशेब कोणी समजावून सांगत नाही, म्हणून संशय राहतो. आज मी तो हिशेबच मांडणार आहे.

योजना 1 जून 2020 ला सुरू झाली. पहिलं कर्ज 10,000 रुपयांपर्यंत, फेड बारा मासिक हप्त्यांत. ते फेडलं की 20,000 चं आणि मग 50,000 चं. 2025 मध्ये पहिल्या दोन टप्प्यांच्या रकमा 15,000 आणि 25,000 झाल्या, पण हिशेबाला सोपं म्हणून मी दहा हजारच धरतो. कर्जाचा दर बँक किंवा वित्तसंस्था ठरवते. सरकार म्हणतं, खातं नियमित ठेवा, वर्षाला सात टक्के दराने व्याजाचा भार आम्ही उचलू.

समजा बँकेचा दर 12 टक्के आहे. हप्ता येतो साधारण 888 रुपये. बारा हप्त्यांत तुम्ही 10,662 रुपये भरता, म्हणजे व्याज 662. आता कोणी विचारेल, दहा हजारांवर बारा टक्के म्हणजे 1,200 व्हायला हवे होते, मग 662 च कसे? कारण दहा हजार रुपये तुमच्याकडे वर्षभर राहत नाहीत. पहिल्या महिन्यात सगळे असतात, सहा हप्ते भरल्यावर जेमतेम 5,150 उरतात आणि शेवटच्या महिन्यात 880. व्याज लागतं ते त्या त्या महिन्याच्या उरलेल्या मुद्दलावर. व्याज घटत्या शिल्लकेवर लागतं, तसंच अनुदानही घटत्या शिल्लकेवरच मोजतात. म्हणून 700 ऐवजी ते येतं 386 रुपये. कुठेही गळती झालेली नाही.

हे 386 एकरकमी येत नाहीत. अनुदानाचा दावा बँक सरकारकडे दर तिमाहीला पाठवते: जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या अखेरीला. कर्ज तिमाहीच्या सुरुवातीला मिळालं असेल, तर पहिल्या तिमाहीचे साधारण 161 रुपये, मग 119, मग 75 आणि शेवटी 31. रक्कम दर वेळी कमी होते ती मुद्दल फिटत गेल्यामुळे. आणि ही रक्कम हप्त्यातून वजा होत नाही. हप्ता पूर्ण 888 चाच भरायचा, अनुदान नंतर तुमच्या बचत खात्यात जमा होतं. "अनुदान मिळणार आहे" म्हणून हप्ता कमी भरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं खातं विनाकारण थकबाकीत जातं.

आता प्रत्यक्ष दर पाहू. 662 व्याजातून 386 परत आले, खिशातून गेले 276. म्हणजे 12 टक्क्यांचं कर्ज तुम्हाला 5 टक्क्यांना पडलं. अनुदान थोडं उशिरा मिळतं, त्यामुळे बारीक फरक पडतो, पण तो सोडून देऊ. व्याजाचा निम्म्याहून जास्त भार उतरला.

पण हाच माणूस 24 टक्के दर लावणाऱ्या वित्तसंस्थेकडे गेला तर? हप्ता साधारण 946 रुपये, वर्षाचं व्याज 1,347. अनुदान किती? 393. जवळजवळ तेवढंच! अनुदानाचा दर सातच राहतो, कर्ज देणाऱ्या संस्थेने किती दर लावला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खिशातून जातात 954 रुपये, प्रत्यक्ष दर 17 टक्के. अनुदान दोघांना सारखंच मिळालं, तरी एकाने दुसऱ्याच्या साडेतीनपट व्याज भरलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अनुदानाच्या जाहिरातीकडे बघून कर्ज घेऊ नका, आधी मूळ दर विचारा. आणि तो "घटत्या शिल्लकेवर" आहे का, तेही विचारा. कोणी "सरळ 12 टक्के" म्हणून पूर्ण दहा हजारांवर वर्षभराचे 1,200 धरत असेल, तर त्याचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास आहे.

आता "वेळेवर" या अटीकडे येऊ, कारण इथे दोन योजनांची गल्लत होते. शेतकऱ्याच्या पीककर्जात तीन लाखांपर्यंत 7 टक्के दर असतो आणि मुदतीत फेडलं तर आणखी 3 टक्के सवलत मिळून केंद्राच्या योजनेत तो 4 वर येतो. तिथे ठरलेली तारीख हुकली की ही तीन टक्क्यांची सवलत जाते. स्वनिधीत तशी एकच तारीख नाही. तिथे पाहतात ते असं की दाव्याच्या दिवशी खातं नियमित आहे का, म्हणजे अनुत्पादक झालेलं नाही ना. त्या तिमाहीतल्या ज्या महिन्यांत ते नियमित होतं, तेवढ्याच महिन्यांचं अनुदान मिळतं. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. तेव्हा चार दिवस उशीर झाला म्हणून अनुदान बुडत नाही.

तरीही चार दिवसांचा उशीर फुकट जात नाही. खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला आणि समजा 200 रुपये शुल्क लागलं, तर पहिल्या तिमाहीचे 161 रुपये त्यातच संपले. छोट्या कर्जात हा धोका मोठा, कारण अनुदान शेकड्यात असतं आणि शुल्कही शेकड्यात. हप्त्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात हप्त्याएवढी रक्कम आहे ना, एवढं पाहिलं तरी बहुतेक नुकसान टळतं.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या कर्जाचे 386 रुपये ही या योजनेतली मोठी रक्कम नाहीच. तिसऱ्या टप्प्याचं 50,000 चं कर्ज 12 टक्क्यांनी, छत्तीस महिन्यांसाठी घेतलं तर व्याज होतं साधारण 9,786 आणि त्यावरचं अनुदान 5,708. दर तोच, सात टक्के. रक्कम मोठी आणि मुदत लांब, म्हणून आकडा वाढतो. पण तिथवर जायचं तर आधीची दोन्ही कर्जं फिटलेली हवीत.

लवकर फेडावं का, असंही विचारतात. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि तोवर देय झालेलं अनुदान एकदम जमा होतं. पुढच्या महिन्यांचं अनुदान अर्थातच मिळत नाही, पण त्या महिन्यांचं व्याजही लागत नाही. अनुदान वजा जाऊनही पाच टक्के तुम्हीच भरता, तेव्हा केवळ अनुदानासाठी कर्ज चालू ठेवण्यात फायदा नाही. धंद्यात तो पैसा फिरत असेल तर गोष्ट वेगळी.

तिमाही संपून काही आठवडे गेले तरी पासबुकात अनुदानाची नोंद दिसली नाही, तर शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारा: त्या तिमाहीत माझं खातं नियमित होतं का, आणि माझा दावा पाठवला का? आधी आपला आकडा स्वतः काढून घ्या. तीन महिन्यांच्या सुरुवातीचं उरलेलं मुद्दल एकत्र मिळवायचं, त्याला सातने गुणायचं आणि बाराशेने भागायचं. वरच्या उदाहरणात 10,000, 9,212 आणि 8,415 मिळून 27,627 होतात, त्यावरून आले 161. तुमचा आकडा याच रीतीने निघाला आणि जमा रक्कम त्याहून बरीच कमी असली, तर तो कागद घेऊनच शाखेत जा.